पाणी कुठलं वापरलं?

(दिल्लीतील मराठी मंडळींच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यामुळे आज विद्यार्थ्यांच्या एका नेहमीच्या विषयावरच बोलायचं ठरवलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांची सादरीकरणं ऐकायला मला अधूनमधून बोलावतात. काँक्रीटचं मिक्स डिझाइन, क्युरिंग आणि इमारतींना जाणारे तडे, हा विषय दरवर्षी कोणीतरी घेतंच. मुलं अभ्यास करून येतात, आलेख दाखवतात, भेगांचे फोटो दाखवतात. मग परीक्षक विचारतात, एम-तीस म्हणजे काय, क्युरिंग किती दिवस करायचं, भेगांचे प्रकार किती. उत्तरं पाठ असतात आणि गुण मिळतात. पण या तीन भागांना जोडणारा प्रश्न कोणी विचारत नाही. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात तर तो पहिला विचारायला हवा: पाणी कुठलं वापरलं?

हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा का वाटतो, हे सांगण्यासाठी गुरुग्रामला जावं लागेल. १० फेब्रुवारी २०२२ रोजी सेक्टर १०९ मधल्या चिंटल्स पॅराडायझो या संकुलातल्या डी टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावरचा स्लॅब कोसळला. त्या घरात दुरुस्तीचं काम सुरू होतं. वरचा भार खालच्या मजल्याला पेलवला नाही, त्याचा त्याखालच्याला पेलवला नाही, आणि एकाच रेषेतल्या खोल्यांचे स्लॅब पार पहिल्या मजल्यापर्यंत खाली आले. दोन महिलांचा मृत्यू झाला. इमारत जुनी नव्हती. लोकांचे गृहकर्जाचे हप्ते अजून चालू होते. पुढे आयआयटी दिल्लीने तपासणी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल बाहेर आला. सळया झपाट्याने गंजल्या होत्या आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे बांधकामाच्या काँक्रीटमध्येच असलेलं क्लोराईड. दुरुस्ती तांत्रिक आणि आर्थिक अशा दोन्ही दृष्टींनी व्यवहार्य नाही, टॉवर पाडावा, असा निष्कर्ष होता. नंतर त्याच संकुलातले इतर टॉवरही एकेक करून असुरक्षित ठरले.

क्लोराईड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. गोव्यात मांडवी नदीवरचा पहिला पूल १९७० साली बांधला आणि १९८६ च्या जुलैमध्ये कोसळला. तिथे खाऱ्या हवेत पोलादी तारा गंजल्या हे समजण्यासारखं होतं. पण गुरुग्रामपासून समुद्र कितीतरी दूर आहे. इथे मीठ आलं कुठून?

ते जमिनीखालून येऊ शकतं. दिल्लीचा पश्चिम आणि नैऋत्य भाग, नजफगढचा परिसर, तिथून पुढे गुरुग्रामची पश्चिम बाजू आणि झज्जर, या सगळ्या पट्ट्यात भूजल बऱ्याच ठिकाणी खारं आहे. इथल्या जुन्या गावकऱ्यांना विचारा, कुठल्या विहिरीचं पाणी गोडं आणि कुठल्याचं खारं हे ते बोट दाखवून सांगतात. द्वारका एक्सप्रेसवेच्या आजूबाजूला उभी राहिलेली नवी संकुलं याच पट्ट्यात आहेत. भूजल खालावत चाललं म्हणून पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ साली गुरुग्राममध्ये बांधकामासाठी भूजल वापरायला मनाई केली आणि सांडपाणी शुद्ध करून ते वापरा असं सांगितलं. पाणी वाचवण्यासाठी ते योग्यच होतं. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात घाण निघून जाते, विरघळलेलं मीठ निघत नाही. म्हणून टँकर बोअरचा असो की शुद्धीकरण केंद्राचा, त्यातल्या पाण्याची तपासणी झालीच पाहिजे.

आता हिशेबाकडे येतो, कारण विद्यार्थ्याला विचारायचा खरा प्रश्न हिशेबातच आहे. एम-तीस काँक्रीट घेऊ. अठ्ठावीस दिवसांनी त्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन हवी. प्रत्यक्षात सगळे क्यूब सारखे निघत नाहीत, म्हणून आपल्या आयएस १०२६२ या मानकानुसार आपण ३८ च्या आसपासचं लक्ष्य धरतो. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ घेतलं आणि पाणी कमी लागावं म्हणून ॲडमिक्श्चर टाकलं, तर एका घनमीटरला साधारण १६० लिटर पाणी आणि ३५५ किलो सिमेंट येतं. उरलेलं वजन, अठराशे किलोंहून थोडं जास्त, खडी आणि वाळूचं. इथपर्यंत प्रत्येक सादरीकरण येतं आणि इथेच थांबतं.

पुढे एक पाऊल टाकू. आयएस ४५६ सांगतं की सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. त्याच मानकात दुसरी मर्यादा आहे: सगळे घटक धरून, काँक्रीट ओतताना, घनमीटरमागे क्लोराईड ०.६ किलोपेक्षा जास्त नको. पहिली मर्यादा जवळपास सगळ्यांना ठाऊक असते, दुसरीचा हिशेब फार थोडे लोक करतात. तो करून पाहू. पाणी अगदी मर्यादेवर असलं तर १६० लिटरमधून ८० ग्रॅम क्लोराईड आलं, म्हणजे ०.०८ किलो. सिमेंटमध्ये मानकाप्रमाणे ०.१ टक्क्यापर्यंत चालतं. बहुतेक सिमेंटमध्ये ते याहून बरंच कमी असतं, पण मर्यादेवर धरलं तर ३५५ किलोंमधून सुमारे ०.३५ किलो आलं. दोन्ही मिळून ०.४३. म्हणजे खडी, वाळू आणि ॲडमिक्श्चर या सगळ्यांसाठी मिळून ०.१७ किलो उरलं. प्रत्येक घटक आपापल्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही एकूण बेरीज काठावर येते, ती अशी. त्यात पाणी ५०० ऐवजी २००० मिलिग्रॅमचं निघालं तर पाण्याचाच वाटा ०.३२ किलो होतो आणि बेरीज मर्यादेबाहेर जाते. म्हणून विद्यार्थ्याला माझा पुढचा प्रश्न हा असतो: तुझ्या मिक्समध्ये एकूण क्लोराईड किती आहे, ते काढून दाखव.

यावर साइटवरचं नेहमीचं उत्तर असतं, "साहेब, क्यूब पास आहेत." हे उत्तर खोटं नाही, पण या प्रश्नाचं ते उत्तरच नाही. क्लोराईडमुळे काँक्रीटची दाबाखालची ताकद घटत नाही. कॅल्शियम क्लोराईड तर एके काळी काँक्रीट लवकर कडक व्हावं म्हणून मुद्दाम टाकत असत. शिवाय क्यूब प्रयोगशाळेच्या टाकीत अठ्ठावीस दिवस बुडून असतो. त्याच दिवशी त्याच गाडीतून ओतलेला स्लॅब जूनच्या लूमध्ये उघडा पडलेला असतो. क्यूब सांगतो की आरएमसीच्या प्लांटमधून काय निघालं. साइटवर त्याचं पुढे काय झालं, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

साइटवर काय होतं ते पाहा. ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकतो, काँक्रीट घट्ट होतं, पंपवाला कुरकुरतो आणि कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतं. घनमीटरमागे वीस लिटर पाणी जास्त गेलं तर ०.४५ चं प्रमाण ०.५० च्या वर जातं. ताकद घटते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून मोठं नुकसान काँक्रीटच्या पोटात होतं. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्तीचं पाणी बारीक केसासारख्या नळ्या मागे ठेवून जातं. काँक्रीट ओलं राहिलं तर सिमेंटची क्रिया चालू राहते आणि या नळ्या हळूहळू तुटक होत बुजतात. पॉवर्स नावाच्या अमेरिकी संशोधकाने एकोणीसशे पन्नासच्या दशकात हे मोजून ठेवलं आहे. ०.४५ प्रमाणाला नळ्या तुटायला सुमारे सात दिवसांचं ओलं क्युरिंग लागतं, ०.५० ला चौदा दिवस, ०.६० ला सहा महिने. ०.७० च्या पुढे त्या कधीच पुऱ्या तुटत नाहीत. क्युरिंग किती दिवस, हा प्रश्न म्हणूनच एकटा विचारता येत नाही. मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगतं, फ्लाय ॲश वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा उष्ण-कोरडी असेल तर किमान दहा दिवस. पण पाइप सोडून ०.५० च्या वर नेलेल्या काँक्रीटला सात दिवस पाणी मारून तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबलेले असता. आपल्याकडे हिवाळ्यात प्रदूषणामुळे अचानक बांधकामबंदी लागते, मजूर गावी जातात. त्या आठवड्यात ओतलेल्या स्लॅबवर पाणी कोणी मारलं, याची नोंद मागितली की बहुतेक ठिकाणी वहीच पुढे येत नाही.

आता मुख्य गाठ. क्युरिंगही पाण्यानेच होतं आणि ते पाणी मिक्सच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. आरएमसी प्लांटला पाण्याची तपासणी करावी लागते, पण क्युरिंगला साइटवरच्या बोअरचं पाणी येतं आणि त्याची चौकशी होत नाही. "पाणी मारायलाच तर आहे," असं म्हणतात. याचाही हिशेब करू. गरमीच्या दिवसांत एका चौरस मीटर स्लॅबवरून दिवसाला चार लिटर पाणी उडून जातं असं धरा, दिल्लीच्या उन्हाळ्याला हे जास्त नाही. चौदा दिवसांत ५६ लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरमागे १५०० मिलिग्रॅम क्लोराईड असेल तर त्या एका चौरस मीटरवर ८४ ग्रॅम क्लोराईड आलं. पाणी हवेत गेलं, मीठ जागेवर राहिलं, मिठागरात जसं राहतं तसंच. काही धुऊन जाईल, काही पृष्ठभागावर पांढरं दिसेल आणि झाडलं जाईल. समजा अर्धंच वरच्या तीस मिलिमीटरमध्ये मुरलं. तरी त्या थरात घनमीटरमागे १.४ किलो क्लोराईड झालं. सिमेंटच्या वजनाशी हे ०.४ टक्के पडतं, आणि ०.२ ते ०.४ टक्क्यांच्या दरम्यान सळई गंजायला सुरुवात होण्याचा धोका साधारण धरला जातो. ज्या बीम-भिंतींवर स्लॅब टेकतो, त्यांच्यावरची मुख्य सळई नेमकी याच वरच्या थरात असते. चांगलं क्युरिंग केल्याच्या समाधानात आपण सळईवर मीठ साठवलेलं असतं.

सळई गंजते कशी, हे थोडक्यात. ताज्या काँक्रीटचा सामू तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तो गंज थांबवतो. क्लोराईड हा थर ठिकठिकाणी फोडतं. सळई सगळीकडून सारखी न गंजता एखाद्या जागी खोल खड्डा पडतो, आणि क्लोराईड त्या क्रियेत संपत नाही, पुन्हा पुन्हा कामाला येतं. गंजाला मूळ पोलादापेक्षा दुपटीहून अधिक, कधी सहापट जागा लागते. त्या दाबाने आतून काँक्रीट फुटतं.

इथे तडे वाचता यायला हवेत. ओतल्यानंतर काही तासांतच पृष्ठभागावर पडलेल्या वेड्यावाकड्या भेगा ऊन-वाऱ्यात पाणी भराभर उडाल्याच्या असतात. त्या त्याच दिवशी दिसतात आणि पुढे फारशा वाढत नाहीत, पण त्यांतून पाणी आत जातं म्हणून त्या बुजवाव्या लागतात. गंजाचा तडा काही वर्षांनी येतो. तो सळईच्या दिशेने सरळ धावतो, त्याच्या कडेला तपकिरी डाग उतरतो, आणि तिथे हातोडीने टकटक केलं की खणखणीत आवाजाऐवजी पोकळ, बद्द आवाज येतो. पार्किंगच्या छताला असा तडा दिसला की बहुतेक सोसायट्या पुट्टी भरून रंग मारतात. रंगामुळे डाग झाकला जातो आणि तपासणाऱ्याचा पुरावा जातो. माझी कळकळीची विनंती आहे, तपासणी होईपर्यंत रंग मारू नका.

तपासणीचं एक काम जरा जवळून सांगतो, कारण निकाल तिथेच लागतो. काँक्रीटमध्ये ड्रिलने भोक पाडतात आणि पडणारी पावडर खोलीप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत गोळा करतात: पाच ते पंधरा मिलिमीटरची एक, वीस ते तीसची दुसरी, पंचेचाळीस ते पंचावन्नची तिसरी. प्रत्येक पिशवीसाठी भोक ब्रशने आणि हवेने साफ करावं लागतं, नाहीतर वरची पावडर खालच्यात मिसळते आणि आकडे निरर्थक होतात. प्रयोगशाळेत ती आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटने क्लोराईड मोजतात, पद्धत आयएस १४९५९ च्या दुसऱ्या भागात दिली आहे. एका बाजूला काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा सामू उतरवला आहे, ते रंग घेत नाही. रंग न घेणारा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर गंजाला दुसरं दारही उघडलेलं आहे, आणि त्यात सिमेंटच्या संयुगात बांधलेलं क्लोराईडही सुटं होऊन आत सरकतं.

आता तिन्ही पिशव्यांचे आकडे शेजारी ठेवा. पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत कमी कमी होत गेलं असेल, तर मीठ बाहेरून आलं: क्युरिंगचं पाणी, गळती, तसं काही. पण पाच मिलिमीटरवर जितकं तितकंच पन्नासवर असेल, तर ते ओततानाच काँक्रीटमध्ये होतं. सादरीकरणात विद्यार्थी क्लोराईडचा एकच आकडा देतो तेव्हा मी विचारतो, कोणत्या खोलीवरचा? कारण इलाज यावरच ठरतो. बाहेरून आलेलं असेल तर खराब थर सळईमागपर्यंत फोडून काढता येतो, सळई घासून नवा मसाला भरता येतो, खारं पाणी बंद करता येतं. ओततानाच असेल तर असं ठिगळ लावणं घातक ठरू शकतं. भरलेल्या जागेत सळई सुरक्षित होते आणि शेजारच्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमधली सळई आता जोराने गंजू लागते. वर्ष-दोन वर्षांत ठिगळाच्या कडेने नवा तडा येतो. विजेच्या साहाय्याने गंज रोखण्याच्या पद्धती आहेत, पण शेकडो घरांच्या उंच टॉवरमध्ये प्रत्येक स्लॅब, बीम आणि कॉलमला त्या लागू करणं कोणाच्या आवाक्यात नाही. गुरुग्रामच्या टॉवरबाबत दुरुस्ती व्यवहार्य नाही असं म्हणावं लागलं, ते का, हे इथे लक्षात येईल. रहिवाशांना तो निर्णय कठोर वाटला असेल, पण मीठ सर्वत्र असेल तर दुरुस्ती कुठून सुरू करणार?

दिल्लीतही हेच दुःख आहे. मुखर्जी नगरमधलं सिग्नेचर व्ह्यू हे डीडीएने बांधलेलं ३३६ घरांचं संकुल. आयआयटी दिल्लीच्या तपासणीनंतर ते राहण्यास अयोग्य ठरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रिकामं करून पाडायला मान्यता दिली. सरकारी संस्था असो की खाजगी विकासक, काँक्रीट दोघांचंही त्याच पाण्याने बनतं.

माझ्यासमोर बसलेल्यांपैकी काही जण शिक्षक आहेत, काही साइटवर काम करतात आणि बरेच जण सोसायटीत राहतात. शिक्षकांनी मुलांना मिक्सच्या तक्त्याखाली एकूण क्लोराईडची एक ओळ लिहायला लावावी आणि ती नसेल तर गुण कापावेत. साइटवरच्यांनी क्युरिंगच्या पाण्याचा अहवाल मिक्सच्या पाण्याइतकाच आग्रहाने मागावा. बोअर बदलला किंवा टँकरवाला बदलला तर नवा अहवाल घ्यावा, कारण एकाच प्लॉटवरच्या दोन बोअरचं पाणीही सारखं नसतं. पाणी खारं निघालं तर क्युरिंग कंपाउंड फवारता येतं, किंवा ओलं गोणपाट प्लास्टिकखाली झाकून थोड्या गोड्या पाण्यात काम भागवता येतं. थोडा खर्च वाढतो, पण तो अहवालाच्या आणि टँकरच्या हिशेबात बसतो.

आणि नवं घर घेणाऱ्यांना सांगतो. बिल्डर तुम्हाला क्यूबचे अहवाल दाखवेल, ते घ्या. त्याबरोबर दोन कागद मागा: मिक्सच्या आणि क्युरिंगच्या पाण्याचे तारखांसह अहवाल, आणि क्युरिंगची वही. ताबा आधीच घेतलेला असेल आणि इमारत सात-आठ वर्षांची झाली असेल, तर पार्किंगच्या छताची आणि गच्चीखालच्या स्लॅबची क्लोराईड चाचणी खोलीनिहाय करून घ्या. तो ठराव पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर, रंगकामाच्या ठरावाच्या आधी घ्या.